चेन ओढून झटका गेला नाही

इचलकरंजीहून शिरोली एमआयडीसीला माझं रोजचं येणं-जाणं पन्नासेक किलोमीटरचं. गळीत हंगाम सुरू झाला की या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या लागतात. पुढं ट्रॅक्टर, त्यामागं दोन ट्रॉल्या, समोरून एसटी, आणि आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीसच्या वेगानं मागं मागं. जरा रेस द्यायची, जरा सोडायची, असं दहा-दहा मिनिटं चालतं. माझ्या गाडीचा झटका मला पहिल्यांदा नीट कळला तो अशाच एका ट्रॉलीच्या मागं. मूठ थोडी पिळली की क्षणभर काहीच होत नसे, मग खालून ‘टक्’ असा आवाज येऊन गाडी पुढं उसळे. मूठ सोडली की पुन्हा ‘टक्’, आणि अंग पुढं ढकललं जाई. मागं बसलेली बायको म्हणाली, “अहो, जरा हळू घ्या की, मान अवघडली माझी.” मी हळूच घेत होतो.

गाडी १५० सीसीची, कार्ब्युरेटरची, मागं ड्रम ब्रेक. तेव्हा सव्वीस हजार किलोमीटर झाले होते आणि चेन आणि ती ज्या दातेरी चकत्यांवर फिरते ती दोन्ही स्प्रॉकेट गाडीबरोबर आलेलीच होती. झटक्याच्या जोडीला आवाज होता. रेस सोडून गाडी नुसती वाहू दिली की चेन कव्हरच्या आत खडखड व्हायची, आणि ती एकसारखी नसायची. कमी व्हायची, वाढायची, पुन्हा कमी व्हायची.

गॅरेजवाल्या मामांनी आधी कार्ब्युरेटर धरला. जेट साफ केले, प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला. साडेतीनशे रुपये झाले आणि झटका होता तिथंच राहिला. रेसच्या केबलची मोकळीक मी स्वतः बघितली. मुठीच्या कडेला तीन-चार मिलिमीटर रिकामी हालचाल होती, म्हणजे योग्य होती. खरं तर कार्ब्युरेटर उघडायच्या आधी एक साधी गोष्ट करून बघायला हवी होती. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मूठ हळूच पिळायची आणि सोडायची. माझं इंजिन न्यूट्रलमध्ये एकदम गुळगुळीत चढत-उतरत होतं. पेट्रोल किंवा करंटचा दोष असता तर तो न्यूट्रलमध्येही थोडाफार दिसला असता, आणि त्याच्याबरोबर मागून ‘टक्’ असा लोखंडाचा आवाज आला नसता.

दुसऱ्या खेपेला मामा म्हणाले, “चेन ढिली हाय, ओढून देतो.” ओढून दिली. खडखड दोन दिवस कमी झाली, झटका नाही. आठवड्यानं पुन्हा गेलो, पुन्हा ओढली. आता मात्र आवाजच बदलला. खडखडीच्या जागी एक बारीक रडका ‘गूंऽऽ’ आवाज येऊ लागला आणि पायाखाली फूटरेस्टला कंप जाणवायला लागला. झटका तसाच. तेव्हा माझ्या मनात आलं की आपण चुकीच्या ठिकाणी पाना लावतोय.

मी कामाला आहे तो मशीन शॉपच्या तपासणी विभागात. दिवसभर हातात व्हर्नियर असतो. रविवारी गाडी मेन स्टँडवर घेतली, चेन कव्हर काढलं आणि जे कामावर करतो तेच घरी करायला बसलो: आधी मोजायचं, मग बोलायचं.

पहिलं माप ढिलाईचं. दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, खालच्या चेनला बोटानं वर दाबायचं, खाली ओढायचं आणि पट्टीवर एकूण हालचाल बघायची. कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे ती २० ते ३० मिलिमीटर हवी. माझं पहिलं माप आलं २८. चांगलंच म्हणायचं. मग चाक हातानं थोडं थोडं फिरवत प्रत्येक ठिकाणी मोजलं, तर एका जागी ३८ आणि एका जागी फक्त ८. आठच्या जागी चेन तारेसारखी ताणलेली होती. मामांनी दोन्ही वेळा चाक जिथं थांबलं होतं तिथंच बोट लावून चेन ओढली होती, आणि ती जागा ढिली निघाली होती. ढिल्या जागेवर माप बसवलं की चेनचा घट्ट भाग पुढच्या शाफ्टला आणि बेअरिंगला ओढत राहतो. तो रडका आवाज तिथून येत होता.

इथं आणखी एक गोष्ट असते. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म ज्या पिनेवर फिरतो ती पिन आणि पुढचं स्प्रॉकेट यांचं केंद्र एक नसतं. त्यामुळं माणूस बसला, शॉकअॅब्सॉर्बर दबला की मागचं चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून थोडं लांब जातं आणि चेन आणखी ताणते. स्टँडवर उरलेले आठ मिलिमीटर आम्ही दोघं बसल्यावर, खड्ड्यात, शून्यावर येत असणार. ठेवलेली ढिलाई वाया गेलेली नसते, ती या हालचालीसाठी असते.

आता चेनची लांबी. माझी चेन ४२८ नंबरची. या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. वीस जोडांचं अंतर २५४ यायला हवं. खालची चेन ताणून धरून एकविसाव्या पिनेपर्यंत मोजलं. मोठा व्हर्नियर घेऊन दोन टोकांच्या पिनांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घेतलं आणि त्यातून एका पिनेचा व्यास वजा केला. एका ठिकाणी २५७.२ आलं. चाक फिरवून दुसऱ्या ठिकाणी २५८.५. तिसऱ्या ठिकाणी २६०.१. दोन टक्के वाढ ही मर्यादा धरली तर २५९ला चेन संपते. माझ्या चेनचा एक भाग संपलेला होता आणि एक भाग अजून बरा होता. म्हणूनच चाक फिरेल तशी ती ढिली-घट्ट होत होती, आणि आवाजही तसाच कमी-जास्त होत होता.

आपण ‘चेन लांबली’ म्हणतो, पण पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. आतली पिन आणि तिच्यावरचं बुश घासतं. २६०.१च्या भागात प्रत्येक सांध्यात सरासरी ०.३ मिलिमीटर गेलं होतं. नखाला कळणार नाही एवढं. पण सव्वाशेच्या जवळपास सांधे मिळून ते दोन-तीन सेंटिमीटर होतं. शिरोलीत फाउंड्र्या आहेत, वाळूचे डंपर रोज रस्त्यावर सांडत जातात. त्या वाळूची बारीक पूड तेलकट चेनला चिकटली की पिनेसाठी ती पॉलिश पेपरसारखीच. पावसाळ्यात तेल धुऊन जातं, वाळू राहते.

इथपर्यंत आवाजाचा उलगडा झाला. झटक्याचा नाही झाला.

झटका कसा होतो ते आधी सांगतो. रेस दिलेली असते तेव्हा वरची चेन ताणलेली असते आणि खालची ढिली. रेस सोडली की चाकच इंजिनला ओढायला लागतं, खालची चेन ताणते आणि ढिलाई वर जाते. या अदलाबदलीत इंजिनला थोडं अंतर रिकामं फिरावं लागतं. तेवढ्यात ते वेग घेतं आणि शेवटी चाकाला जाऊन आदळतं. तो आदळण्याचा आवाज म्हणजे ‘टक्’. प्रश्न एवढाच, की हे रिकामं अंतर नेमकं कुठं आहे.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, इंजिन बंदच होतं. मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, आणि मोठ्या स्प्रॉकेटवर मिळून एक खडूची आडवी रेघ ओढली. मग टायर धरून हातानं पुढं-मागं हलवला आणि रेघेकडं बघत राहिलो. टायर पुढं गेला, हब त्याच्याबरोबर गेलं, स्प्रॉकेट जागेवरच थांबलं. रेघ तुटली. टायर आणखी ढकलल्यावर मग कुठं स्प्रॉकेट हललं. दातांच्या कडेला मोजलं तर रेघेच्या दोन तुकड्यांत सहा मिलिमीटरचं अंतर पडत होतं.

हब आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात. कुणी त्यांना कपलिंग रबर म्हणतं, कुणी डॅम्पर रबर. इंजिनचा धक्का चाकापर्यंत जाताना मऊ व्हावा म्हणून ते असतात. नवीन असताना ते खोबणीत ठासून बसतात. माझे झिजून खोबणीत सैल झाले होते.

मग वही काढून हिशेब केला. माझ्या गाडीत पुढं १५ दात, मागं ४४, आणि दोन स्प्रॉकेटमधलं अंतर साधारण ५६० मिलिमीटर. चेन मध्यावर एकूण ३८ मिलिमीटर हलते, म्हणजे सरळ रेषेपासून १९ वर आणि १९ खाली. पायथागोरस लावला तर एवढ्या झोळासाठी लागणारी जादा चेन फक्त १.३ मिलिमीटर येते. ती ओढून २५वर आणली तर ०.६ उरते. म्हणजे चेन ओढून मी रिकाम्या अंतरातून जेमतेम पाऊण मिलिमीटर काढत होतो, आणि रबरात सहा मिलिमीटर तसेच पडून होते! ही आकडेवारी बघून मी बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो. लटकलेली चेन डोळ्यांना दिसते म्हणून सगळा दोष तिच्यावर जातो, आणि रबर हबच्या आत असल्यामुळं कुणी बघत नाही.

उरलेलं अंतर दातांत होतं. मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढली, तर ती अर्ध्या दाताएवढी उचलली गेली. चांगली चेन तिथून जेमतेम हलते. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण उघडलं तर दात एका बाजूला झुकलेले, माशाच्या पाठीवरच्या परासारखे. हे स्प्रॉकेट आधी जाणारच, कारण मागच्याची एक फेरी होते तोवर पुढच्याच्या जवळपास तीन होतात. झिजलेल्या दातांमधली खाच रुंद होते, आणि रेस दिल्यावर-सोडल्यावर चेनचा रोलर त्या खाचेत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. आणखी एक-दोन मिलिमीटर तिथं गेले.

नुसती चेन बदलायचा मोह झाला होता, दुकानदारही तयार होता. पण झिजलेल्या दातांची खाच जुन्या लांबलेल्या चेनशी जुळवून घेतलेली असते. त्यावर नवी चेन बसवली की सगळा भार एक-दोन दातांवर येतो आणि नवी चेनही लवकर जाते. म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट घेतला, साडेचौदाशे रुपयांना. रबरांचा संच एकशे ऐंशीला आला. मामांना सगळी मापं दाखवली. त्यांनी चेन हातात धरून आडवी केली, ती कमानीसारखी खाली वाकली, आणि म्हणाले, “ही गेलीच की पार. आण तुझा सेट, आपण दोघं मिळून बसवू.”

काम सुरू करताना मामांनी पहिल्यांदा पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल केले, चेन अंगावर असतानाच. मला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं. चेन आधी काढली असती तर ते स्प्रॉकेट धरायला काहीच उरलं नसतं. मग चेनची दोन टोकं जोडून ठेवणारी लॉक पट्टी काढून चेन उतरवली, ब्रेक रॉड सोडवला, एक्सल काढून चाक बाहेर घेतलं. हब उघडल्यावर आत काळी रबरी पूड होती आणि तुकड्यांच्या कडा गोल झालेल्या. नवे तुकडे एवढे घट्ट होते की हातानं जाईनात. मी ग्रीसचा डबा पुढं केला तर मामांनी हात धरला. खनिज तेलानं असं रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी लावून ते बसवले. स्प्रॉकेट ज्या भागावर बसतं त्यात वेगळं बेअरिंग असतं, तेही बोटानं फिरवून बघितलं. ते चांगलं होतं. ते खराब असतं तर स्प्रॉकेट आडवं डुललं असतं आणि सगळं नवीन बसवूनही उपयोग झाला नसता.

जुनी आणि नवी चेन फरशीवर शेजारी शेजारी टाकली. दोन्हींचे जोड सारखेच, ११८. जुनी दोन जोड पुढं गेली होती.

लॉक पट्टी बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवायचं, म्हणजे उघडं टोक कशाला घासून पट्टी निसटत नाही. माझ्या जुन्या चेनवर ती बरोबर होती, पण उलटी बसवलेली मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर पाहिली आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चाक सरळ करण्यात. स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना खुणा असतात, त्या सारख्या आल्या की चाक सरळ असं आपण धरतो. मामांनी तसं लावलं. मी स्विंगआर्मच्या पिनेच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं, तर उजवी बाजू ३ मिलिमीटर जास्त. जुन्या मोठ्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकत होती, तिचं कारण तेव्हा कळलं. चेन इतके दिवस तिरकी चालत होती. म्हणून खुणा सोडून मापावर लावलं, आणि मागून नजर टाकून चेन सरळ रेषेत येते ना ते पाहिलं.

एक्सलचा नट आवळताना चाक थोडं मागं सरकतं आणि सगळं माप बिघडतं. यासाठी मामांनी केलेली गोष्ट मी आधी पाहिली नव्हती. खालच्या चेन आणि मोठ्या स्प्रॉकेटच्या मध्ये एक जाड कापडाची घडी घालून चाक पुढं फिरवलं. कापड अडकलं, चेन ताणली, आणि एक्सल दोन्ही अॅडजस्टरवर घट्ट टेकला. तसाच धरून नट आवळला. कापड काढून पुन्हा मोजलं, सगळ्यात घट्ट जागी २५. नव्या सेटमध्ये घट्ट आणि ढिल्या जागेतला फरक तीनच मिलिमीटर होता.

ड्रम ब्रेकवाल्यांनी इथं थांबू नये. चाक पुढं-मागं झालं की ब्रेक रॉडचं माप बदलतं. चेन ओढल्यावर चाक मागं जातं आणि पेडलची मोकळीक संपते, ब्रेक घासत राहतो. आमच्यात उलटं झालं होतं. नवी चेन आखूड, चाक पुढं आलं, पेडल खोल गेलं. नट फिरवून पेडलला २०-३० मिलिमीटर मोकळीक ठेवली, मागचा दिवा योग्य वेळी लागतो का पाहिलं, तेव्हाच मामांनी गाडी स्टँडवरून खाली घेतली. मी सीटवर बसलो आणि मामांनी चेन हातानं हलवून बघितली. थोडी मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याच्या पुढं ट्रॉल्यांच्या मागं लागलो, आणि मुद्दामच ओव्हरटेक केलं नाही. तिसरा गिअर, पंचवीसचा वेग, मूठ थोडी, सोडली, पुन्हा थोडी. ‘टक्’ आला नाही. अगदी कमी वेगात चौथा गिअर ठेवला तर हलकी हालचाल अजून जाणवते. गिअरबॉक्सच्या आत गिअरच्या कुत्र्यांना, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांना, फिरायला जागा ठेवलेलीच असते. ती नव्या गाडीतही असते आणि कुठलाही सेट ती काढू शकत नाही. अशा वेळी मी एक गिअर खाली घेतो.

नवी चेन सुरुवातीला बसते. चारशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजलं तर २५ची ३२ झाली होती. ती एकदा ओढून २५ केली, आणि त्यानंतर हजार किलोमीटरमध्ये एक-दोन मिलिमीटरच्या वर फरक पडला नाही.

तेल द्यायची माझी पद्धतही बदलली. माझी चेन साधी आहे, तिच्यात रबरी रिंगा नाहीत, म्हणून पिनेपर्यंत तेल पोचवणं माझ्याच हातात. पाचशे किलोमीटरला, पावसाळ्यात त्याआधीच, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असतानाच घेतो. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं वाळू काढतो, कापडानं कोरडी करतो, आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडतो. चाक हातानंच फिरवतो. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्यापैकी एकाचं बोट चेन आणि दातांच्या मध्ये जाताना आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये पाहिलंय. बोटाचं पेर वाचलं नाही.

तेल दिल्यावर अर्धा तास थांबून जादा तेल पुसून घेतो. बाहेर राहिलेलं तेल फक्त वाळू गोळा करतं.

वीस जोडांचं माप मी आता दर दोन हजार किलोमीटरला वहीत लिहितो. बसवली तेव्हा २५४.१ होतं. शेवटची नोंद सहा हजारांवरची आहे, २५४.७. तीन जागी घेतलेली मापं ०.२च्या आत आहेत.